'हरि' निघतं, 'हजर' निघत नाही

चौथीत असताना मला सगळ्यात अवघड जाणारा शब्द होता 'हजर'. हजेरीत माझा नंबर सव्वीस. बाविसावा नंबर पुकारला की छाती आवळायला लागायची, चोविसाव्याला हात गार पडायचे आणि सव्वीस आला की तोंड उघडं, छाती हवेने भरलेली आणि गळ्यात मात्र कुलूप. आवाजच नाही. लोकांना वाटतं तोतरा मुलगा म्हणजे 'म-म-मला' करणारा. तसंही व्हायचं, पण ते त्यातल्या त्यात बरं असायचं, कारण निदान काहीतरी बाहेर पडत असायचं. अडकणं त्याहून वाईट. समोरच्याला वाटतं याला उत्तरच येत नाही. मी डोळे घट्ट मिटायचो, उजवा पाय जमिनीवर आपटायचो, आणि कधीतरी पाय आपटल्यावर शब्द सुटला म्हणून पुढे प्रत्येक शब्दाला पाय आपटायची सवय लागली. शब्द सुटेनात, सवय तेवढी राहिली.

माझं नाव 'क'ने सुरू होतं. आमच्या फाट्याचं नावही 'क'नेच. त्यामुळे फलटणहून एसटीने येताना मी कंडक्टरकडे पुढच्या थांब्याचं तिकीट मागायचो, कारण ते नाव मला म्हणता यायचं. पैसे थोडे जास्त जायचे. वाण्याच्या दुकानात मी बोट दाखवायचो. वाणी म्हणायचा, "तोंड नाही का तुला?"

घरच्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. वेखंड उगाळून मधात कालवून आई जिभेवर चोळायची, त्याने जीभ बधिर व्हायची आणि तासभर जेवणाला चव लागायची नाही. कुणीतरी अक्कलकारा सांगितला. कुणी सांगितलं तोंडात खडे धरून बोलव. एका पाहुण्याने जिभेखालचा पडदा कापून घ्या म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावून बघितली आणि म्हणाले, जिभेला काही झालेलं नाही. हे खरं होतं. जीभ माझी चांगलीच होती. पण मग काय झालंय ते कुणी सांगितलं नाही.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, माळकरी. आमचा भाग ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेवरचा, त्यामुळे टाळ-पखवाज घराघरात. गावच्या विठ्ठलमंदिरात रोज दिवेलागणीनंतर हरिपाठ व्हायचा. आठ-दहा माणसं, दोन ओळी समोरासमोर, मधे वीणेकरी, कडेला पखवाज. सत्तावीस अभंग म्हणायला पाऊण तास लागायचा. आबा मला न्यायचे ते भक्तीसाठी नाही. आई रानातून उशिरा यायची आणि मी घरात भावाशी मारामारी करायचो, म्हणून.

मी टाळ धरून आबांच्या डाव्या हाताला उभा राहायचो आणि फक्त ओठ हलवायचो. आवाज काढायचा प्रश्नच नव्हता. एवढ्या माणसांत अडकलो तर? महिनाभर असंच चाललं. हरिपाठात एक सोय आहे. प्रत्येक अभंगाला 'हरि मुखे म्हणा' हे धृपद घोळून घोळून येतं. एका संध्याकाळी सहा-सात अभंग झाल्यावर मला जाणवलं की आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, पण टाळ थांबवला नाही. आबा माझ्याकडे का बघताहेत म्हणून मी कान दिला, तर माझाच आवाज ऐकू येत होता. 'हरि' निघत होतं. 'ह'च होता तो, सकाळी गळ्यात अडकलेला तोच 'ह'. ऐकल्याबरोबर मी घाबरून गप्प झालो.

परतताना आबा एवढंच म्हणाले, "म्हनत हुतास की रं."

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी जवळजवळ हसत उभा राहिलो. सव्वीस. 'ह' अडकला. नेहमीइतकाच.

तेव्हा मी काढलेला अर्थ असा, की विठ्ठलाला फक्त देवळातलं ऐकू येतं. आबांचं म्हणणं त्याच जातीचं होतं: देवाच्या दारात जीभ मोकळी होते. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात 'जिव्हे वेगु करी' असं आलंय, ते माझ्यासाठीच लिहिलंय असं त्यांचं ठाम मत होतं. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. पण मला आतून खाज होती की हे नेमकं कशाने होतं, आणि नऊ-दहा वर्षांच्या पोराला जमेल तसा मी त्याचा माग काढत राहिलो.

आधी वाटलं, आबांमुळे. मग एकदा आबा चार दिवस बारामतीला लेकीकडे गेले. मी दुसऱ्याच एका म्हाताऱ्याशेजारी उभा राहिलो, तरी सगळं सुरळीत. म्हणजे आबाच हवेत असं नव्हतं, कुणाचा तरी आवाज हवा होता. मग वाटलं, टाळामुळे. टाळ खाली ठेवून बघितला, तरी निघत होतं. आणि मग एक दिवस वीणेकरी थट्टेने म्हणाले, "आज पोरगं चाल धरू दे." म्हणजे पहिला शब्द माझा, बाकीचे मागून. मी तोंड उघडलं आणि कुलूप. टाळ तोच, देऊळ तेच, अभंग पाठ. पुढे कुणाचा आवाज नव्हता, एवढाच फरक. आबांनी दोन क्षण वाट बघितली आणि हळूच पहिलं अक्षर काढलं. त्यांच्या 'ह'वर माझा 'ह' चढला आणि गाडी चालू.

त्यानंतर लक्षात आलं की मी आबांच्या बरोबर म्हणतच नव्हतो. अर्ध्या अक्षराने मागून म्हणत होतो. त्यांच्या आवाजाची शेपटी धरून.

पाचवीच्या उन्हाळ्यात हे देवळाबाहेर आलं. आबांना मोतीबिंदूमुळे पेपर नीट वाचता येत नव्हता, अक्षरावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचायचे आणि मधेच मला विचारायचे, "ह्ये काय हाय?" मी नुसतं सांगायला गेलो तर अडकायचो. मग आम्ही दोघं मिळून वाचायला लागलो. ओट्यावर बसून, एका सुरात, शेतमालाच्या भावापासून निधनवार्तांपर्यंत. त्यात ना चाल, ना ताल, ना देव. सोयाबीनचा भाव. आणि मी अडकत नव्हतो! आबांना याचं जरा वाईटच वाटलं असावं.

आबा वाचता वाचता खोकायला थांबायचे. ते थांबले की मी पुढे पाच-सहा शब्द सरळ जायचो आणि मग अडकायचो, ढकललेली सायकल थोडी स्वतः पळून पडते तशी. आम्ही त्याचाच खेळ केला. आबा मुद्दाम आवाज बारीक करत न्यायचे, मग नुसते ओठ हलवायचे, मग तेही थांबवायचे. मी अडकलो की ते परत आवाज द्यायचे. "अडला" असं कधी म्हणाले नाहीत, पुढचं अक्षर फक्त हातात द्यायचे. ओठ हलताना दिसले तरी मला पुरायचं, याचं मला फार नवल वाटायचं. सुट्टी संपेपर्यंत मी अख्खी बातमी एकटा वाचू शकत होतो, आबा शेजारी बसलेले असले तर.

पण बोलणं? बोलणं जिथल्या तिथे. "आबा, मला पाणी द्या" म्हणताना 'पा' अडकायचाच. याचं कारण मला तेव्हाही कळत होतं, शब्दांत मांडता येत नव्हतं इतकंच. हरिपाठ आबांना पाठ होता, पेपर दोघांच्या समोर होता. माझ्या मनातलं वाक्य फक्त मला माहीत होतं. ते माझ्याबरोबर कोण म्हणणार?

दहावीनंतर मावशीकडे पुण्याला शिकायला गेलो आणि 2003 साली, सतराव्या वर्षी, पहिल्यांदा स्पीच थेरपिस्टकडे पोचलो. बाई चाळिशीच्या, घाई नसलेल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आजवर कुणी विचारला नव्हता. "कुठे अडत नाहीस?"

मी सांगितलं, अर्थात अडत अडत, हरिपाठात. त्यांनी एक उतारा पुढे केला, टेप चालू केला आणि एकट्याला वाचायला लावलं. मग टेप परत लावून कागदावर रेघा मारत बसल्या: प्रत्येक अक्षराला टिंब, अडलेल्या अक्षराला काट. शंभर अक्षरांत अठरा काट. मग तोच उतारा त्या माझ्याबरोबर वाचू लागल्या. काट एक. आबांचा खेळ त्यांनी पाच मिनिटांत, पेन्सिल हातात धरून करून दाखवला. मला एकाच वेळी आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला.

त्यांनी जे समजावलं ते मला आठवतं तसं सांगतो. बोलताना प्रत्येक अक्षर कधी सुरू करायचं याची खूण मेंदू आतून देत असतो. तोतरेपणात ही आतली खूण अधूनमधून चुकते, असं मानलं जातं. जीभ-ओठ धड, शब्द माहीत, पण 'आता' हा इशारा वेळेवर येत नाही. बाहेरून इशारा मिळाला, म्हणजे शेजारच्याचा आवाज, टाळाचा ठोका, नुसते हलणारे ओठ, तर मेंदू त्याच्यावर चालून जातो. म्हणून बरोबर वाचताना बहुतेक तोतऱ्या माणसांचं अडखळणं जवळपास नाहीसं होतं, आणि तेही पहिल्याच फटक्यात, सराव न करता. भक्ती, धीर, आत्मविश्वास यांचा त्यात फारसा संबंध नाही. घाबरल्याने तोतरेपणा वाढतो, पण घाबरल्यामुळे तो होत नाही. हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून आईला नेऊन दाखवलं, कारण लहानपणी मला कुत्र्याने घाबरवलं म्हणून असं झालं अशी तिची समजूत होती आणि त्या संध्याकाळी मला एकट्याला सोडल्याबद्दल ती स्वतःला दोष देत आली होती. ती वाचून काही बोलली नाही. वही मात्र परत मिळाली नाही.

बाईंनी मला एक यंत्रही कानाला लावून दिलं. आपलाच आवाज त्यात किंचित उशिरा ऐकू येतो, म्हणजे शेजारी कुणीतरी बरोबर बोलतंय असं मेंदूला वाटतं. अर्धा तास मी भराभर बोललो. मग त्यांनीच सांगितलं की विकत घेऊ नकोस, महाग आहे आणि पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांनी कान त्याला सरावतो. हरिपाठाचंही तेच सांगितलं. बरोबर म्हणणं हा उपचार नव्हे. ती उसनी आणलेली सुरुवात आहे, ती किती दिवस पुरवशील?

आठवड्यातून एकदा असं दीड वर्ष मी जात होतो. तिथे केलेल्या सगळ्या गोष्टी सांगत बसत नाही, पण दोन माझ्या उपयोगी पडल्या आणि दोन्हीचा हरिपाठाशी संबंध लागला.

पहिली सुरुवातीची. मी अडकायचो तेव्हा काय करत होतो ते त्यांनी मला आरशात बघायला लावलं. छाती भरून घ्यायची, श्वास कोंडायचा आणि मग बंद दारावर धडक मारल्यासारखा शब्द ढकलायचा. त्यांनी उलट शिकवलं: श्वास घे, तो सुटू लागला की त्याच्यावर हळूच आवाज ठेव, पहिलं अक्षर जरा लांबव. 'ह' इथे फायद्याचा निघाला, कारण तो मुळात सुटणारा श्वासच आहे. घरी सराव करताना मला आठवलं की हरिपाठात आम्ही हेच करत होतो. हरिपाठाच्या अभंगाचा चरण सहा अक्षरांचा. देवाचिये द्वारीं, सहा. उभा क्षणभरी, सहा. पुन्हा सहा, मग शेवटी चार. दर तुकड्याला श्वासाला जागा. मी बोलताना अख्खं वाक्य एका दमात उरकायला बघायचो, पुढे कुठला अवघड शब्द येतोय ते आधीच बघून ठेवायचो आणि त्याच्या भीतीने आधीचे शब्दही मोडायचो. बाईंना मी म्हटलं, मी सहाच्या मापाने बोलून बघू का? त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. "मला तिकीट द्या" — थांब — "आमच्या फाट्याचं" — थांब. ऐकायला थोडं कीर्तनासारखं लागायचं. वर्षभराने माप सुटलं, थांबणं उरलं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जड गेली. मुद्दाम अडखळायचं. अडत नसलेल्या शब्दावर, अनोळखी माणसापुढे, स्वतःच्या मर्जीने. अलका टॉकीजच्या चौकात उभं राहून दहा माणसांना वेळ विचारायची आणि 'किती वाजले'तला 'कि' तीनदा म्हणायचा. पहिल्या दिवशी मी दोघांना विचारून परत आलो. मनगटावर घड्याळ होतं ते काढून खिशात ठेवायचं विसरलो होतो, त्यातल्या एकाने त्याकडे बघितलं. पण महिन्याभरात एक कळलं. मी आयुष्यभर जे लपवत होतो, पुढच्या थांब्याचं तिकीट, वाण्याकडचं बोट, त्यानेच घसा जास्त आवळला जात होता. अडखळणं लपवायचं नाही असं ठरलं की त्यातला निम्मा ताण जातो. उरलेला जात नाही.

बाईंनी दीड वर्षाने पुन्हा रेघा मारल्या. शंभरात पाच. "शून्य होईल का?" मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं: लहान वयात सुरू झालेला तोतरेपणा बहुतेक मुलांत आपोआप जातो, पण सतरा वर्षांपर्यंत राहिला तो सहसा पुरता जात नाही. मोठ्या माणसांत शंभरातल्या एखाद्याला तो असतो. मी त्या एकातला. हे ऐकून मला हलकं वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी काहीतरी कमी करतोय.

आज मी शिकवतो. हो, शिकवतो, पॉलिटेक्निकमध्ये. वर्गात पहिल्या तासाला सांगून टाकतो की मी अडखळतो, घाई असेल तर घड्याळाकडे बघा. फोनवर स्वतःचं नाव सांगताना अजून अडतो. हजेरी घेताना नावांऐवजी नंबर पुकारत नाही, नावंच घेतो, आणि कुणी नुसता हात वर केला तर हातावरच खूण करतो.

2014 च्या पावसाळ्यात आबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोळ्यांत सगळी ओळख, आम्ही बोललेलं सगळं कळायचं, पण तोंडून 'न्हाय' एवढा एकच शब्द यायचा. होकारालाही 'न्हाय'. हे माझ्या दुखण्यापेक्षा वेगळं होतं. मला शब्द माहीत असतो आणि तो सुरू होत नाही, त्यांना शब्दच हाताला लागत नव्हता. तरी डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं म्हणून बघा, गाणं, स्तोत्र, काहीही. मेंदूच्या डाव्या बाजूला असा घाव झालेली काही माणसं बोलू शकत नाहीत, पण पाठ असलेलं म्हणू शकतात.

मी त्यांच्या डाव्या हाताला खाटेवर बसलो. चाल मलाच धरायची होती. मी तोंड उघडलं आणि माझा 'ह' अडकला. वीस वर्षांपूर्वी देवळात अडकला होता तसाच, कडीकोयंडा लावून. आई दारात उभी होती, तिला रडू येऊ लागलं. आबा मात्र माझ्या तोंडाकडे बघत थांबले. त्यांना सवय होती. मी धडक मारली नाही, श्वास सोडला, त्याच्यावर आवाज ठेवला. हरि मुखे म्हणा. दुसऱ्या वेळी त्यांचे ओठ हलले. चौथ्या वेळी आवाज आला, घोगरा, अर्ध्या अक्षराने मागून, पण शब्द न् शब्द स्वच्छ. धृपद झालं, पहिला अभंग झाला, दुसऱ्याच्या मध्यावर ते दमले.

पुढचे आठ महिने मी दर शनिवारी गावी जात होतो. सत्तावीसपैकी अकरा अभंगांपर्यंत आम्ही पोचलो. मी आवाज बारीक करत नेला की ते तीन-चार शब्द एकटे जायचे, मग थांबायचे, मग मी पुढचं अक्षर द्यायचो.

अभंग संपला की घसा कोरडा पडायचा. मी विचारायचो, "आबा, काय देऊ?" ते बराच वेळ शब्द शोधायचे, 'न्हाय' म्हणायचे, आणि मग डाव्या हाताचं बोट तांब्याकडे करायचे.